स्टेटमेंट खरं, तरी ‘फेरफार’ म्हणून परत: पासवर्डवाल्या पीडीएफचं नेमकं काय बिघडतं

तक्रार ठरलेली असते. बँकेच्या साइटवरून स्टेटमेंट स्वतः उतरवलं, पासवर्ड टाकून उघडलं, एका आकड्यालाही हात लावला नाही, आणि तरी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून निरोप येतो की फाइल ग्राह्य नाही, त्यात बदल केलेला दिसतो. माणूस साहजिकच चिडतो. पुन्हा उतरवतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा तेच उत्तर.

यातल्या बहुतेक प्रकरणांत दोष एकाच जागी असतो. पासवर्डची कटकट नको म्हणून फाइल उघडून ‘प्रिंट’मधून नवी पीडीएफ बनवलेली असते. ती उघडताना पासवर्ड विचारत नाही, दिसते हुबेहूब तशीच. पण ती बँकेने बनवलेली फाइल उरलेली नसते. ती तुमच्या संगणकाने उतरवून काढलेली नक्कल असते: मजकूर तोच, पण त्यावर बँकेची सही नाही.

कर्जाच्या अर्जांची कागदपत्रं लावण्याचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हा गुंता सतत समोर येतो. त्यातलंच एक प्रकरण पुढे सांगतो. आधी समोरच्या बाजूला काय पाहिलं जातं ते समजून घेऊ, म्हणजे उपाय आपोआप कळेल.

समोरचा काय पाहतो

अर्जाबरोबर आलेली पीडीएफ पहिल्यांदा माणूस वाचतच नाही, बहुतेक ठिकाणी एक तपासणी प्रणाली वाचते. ती पानावरच्या आकड्यांच्या जोडीला फाइलच्या पोटातली माहितीही वाचते: फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने बनवली, कधी बनवली, नंतर कधी बदलली, डिजिटल सही आहे का, असल्यास ती शाबूत आहे का. पानावर अक्षरं आहेत की नुसतं चित्र, सगळीकडे फॉन्ट एकच आहे का, आणि प्रत्येक व्यवहारानंतरची शिल्लक आधीच्या शिल्लकीशी जुळते का, हेही त्यात आलं.

यात सगळ्यात ठाम पुरावा डिजिटल सहीचा. तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. सही करताना फाइलमधल्या सगळ्या बाइटांचा, म्हणजे सहीसाठी राखलेली जागा वगळून उरलेल्या प्रत्येक बाइटाचा, एक ठसा काढला जातो आणि तो बँकेच्या गुप्त किल्लीने बंद करून फाइलमध्येच ठेवला जातो. तपासणारा तोच ठसा पुन्हा काढतो आणि ताडून पाहतो. सहीला आकड्यांचा अर्थ कळत नाही, तिला फक्त बाइट कळतात. तुम्ही रक्कम बदलली काय आणि एका ओळीवर पिवळा रंग फिरवून सेव्ह केलं काय, फाइल बदलली एवढंच तिला दिसतं. पासवर्ड काढला तरी तेच होतं, कारण पासवर्ड काढायचा म्हणजे सगळी फाइल नव्याने लिहायची.

एक प्रकरण, तपशिलासह

अर्जदाराला जानेवारी ते जून अशा सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्यायचं होतं. बँक एका वेळी तीनच महिने देत होती, म्हणून दोन फाइली झाल्या. त्याने दोन्ही उघडल्या, ब्राउझरमधून प्रिंट करून पासवर्डविना केल्या, एका साइटवर जोडल्या, आणि आकार जास्त होतो म्हणून दाबून लहान केल्या. उत्तर आलं: फेरफार.

त्याने पाठवलेली फाइल मी `pdfinfo` ने पाहिली. हे पॉप्लर नावाच्या मोफत संचातलं छोटं साधन आहे. आज्ञा न वापरणाऱ्यांना हीच माहिती अॅक्रोबॅट रीडरमध्ये `Properties` खाली दिसते. बँकेकडून आलेल्या फाइलीत `Producer` या नावापुढे बहुधा आयटेक्स्ट किंवा तत्सम सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीचं नाव असतं. इथे तिथे एका दाबणाऱ्या प्रणालीचं नाव होतं, आणि फाइल बनवल्याची तारीख स्टेटमेंटवर छापलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची, रात्रीची. विंडोजवरून थेट प्रिंट केलं असतं तर असं दिसलं असतं:

```
Producer:      Microsoft: Print To PDF
```

क्रोममधून जतन केलं तर तिथे `Skia/PDF` येतं, मॅकवर `Quartz PDFContext`. यातलं कुठलंही नाव दिसलं की तपासणाऱ्याला लगेच कळतं, ही फाइल बँकेच्या सर्व्हरवर जन्मलेली नाही. फसवणूक झाली असा त्याचा अर्थ नाही. पण मूळ फाइलही हीच नव्हे, एवढं पक्कं.

मग त्याच संचातल्या `pdfsig` ने मूळ फाइलींची सही पाहिली:

```
pdfsig -upw PASSWORD statement1.pdf
```

उत्तर चांगलं आलं:

```
- Signature Validation: Signature is Valid.
- Total document signed
```

दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची. सही पूर्ण फाइलला लागू आहे, सहीनंतर शेपटीला काही जोडलेलं नाही, असं ती सांगते. त्याने अर्जाला जोडलेल्या फाइलीवर हीच आज्ञा चालवली तर सहीच सापडली नाही. प्रिंट करताना ती गळून पडली होती.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं: मूळ दोन्ही फाइली पासवर्डसह पाठवायच्या. पण आकडे ताडताना दुसरी अडचण निघाली. पहिल्या स्टेटमेंटची अखेरची शिल्लक ५८,९४० आणि दुसऱ्याची आरंभीची शिल्लक ५१,४४०. मध्ये ७,५०० चा फरक. कारण साधं होतं. दुसरी फाइल मागवताना त्याने सुरुवातीची तारीख ५ एप्रिल निवडली होती आणि १ ते ४ एप्रिलमधला एक खर्च दोन्हींत नव्हता. तपासणी प्रणालीला मात्र हे ‘एक व्यवहार काढून टाकला’ असंच दिसणार. म्हणजे नुसत्या मूळ फाइली पाठवल्या असत्या तरी त्या परत आल्याच असत्या, फक्त कारण वेगळं असतं. १ एप्रिलपासून नवं स्टेटमेंट उतरवलं, दोन्ही फाइली न जोडता, न दाबता, वेगवेगळ्या चढवल्या, आणि त्या चालल्या.

उतरवताना

पहिलं म्हणजे ‘व्यवहारांची यादी’ आणि ‘स्टेटमेंट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अॅपमधल्या यादीवर आरंभीची आणि अखेरची शिल्लक नसते, कधी खातेदाराचं पूर्ण नाव आणि पत्ताही नसतो. एक्सेलमध्ये मिळणारी फाइल हिशोबाला सोयीची असते, पण ती कोणीही बदलू शकतो, म्हणून कर्जासाठी तिला किंमत नाही. पीडीएफच घ्या.

तारखा सलग ठेवा आणि शेवटची तारीख आजची न ठेवता कालची ठेवा. आजच्या दिवसाचे काही व्यवहार अजून पक्के झालेले नसतात. उद्या कोणी पडताळणीसाठी तेच स्टेटमेंट पुन्हा मागवलं तर आजच्या ओळी वेगळ्या दिसू शकतात आणि नाहक प्रश्न उभा राहतो.

कधी उतरवलेली फाइल उघडतच नाही, ‘खराब आहे’ असा संदेश येतो, आणि माणूस पासवर्डला दोष देत बसतो. आधी फाइलचा आकार पाहा. दोन-चार किलोबाइटची असेल तर ती पीडीएफ नसून, नाव पीडीएफचं असलेलं बँकेचं लॉगिन पान असण्याची शक्यता मोठी आहे. सत्र संपल्यावर डाउनलोडचं बटण दाबलं की असं होतं. खात्री करायची तर साध्या मजकूर-संपादकात फाइल उघडा, सेव्ह मात्र करू नका. खऱ्या पीडीएफची सुरुवात `%PDF-` अशी होते. तिथे `<html` दिसलं तर पुन्हा लॉगिन करून लगेच उतरवा.

उतरवल्यावर त्या फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या आणि तिला हात लावू नका. नाव बदललं तर काही बिघडत नाही, नाव फाइलच्या बाइटांत मोजलं जात नाही. वाचायला, खुणा करायला दुसरी प्रत वापरा.

पासवर्ड चालत नाही तेव्हा

हा पासवर्ड नेटबँकिंगचा नव्हे, हे आधी लक्षात घ्या. तो बहुधा ठरलेल्या साच्यातून बनतो, जसं की नावाची पहिली काही अक्षरं आणि जन्मतारखेचे आकडे, किंवा ग्राहक क्रमांक. साचा प्रत्येक बँकेचा वेगळा असतो आणि तो स्टेटमेंटच्या ईमेलमध्येच लिहिलेला असतो. त्यामुळे ओळखीच्या कोणी सांगितलेला साचा वापरण्याआधी तो ईमेल नीट वाचा. एकाच बँकेतही ईमेलने येणाऱ्या आणि साइटवरून उतरवलेल्या फाइलींचे साचे वेगळे असू शकतात.

साचा बरोबर असूनही फाइल उघडत नसेल तर आपल्याकडे एक खास कारण असतं, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फोनचा कळफलक मराठीवर असला की तो बरेचदा आकडे देवनागरीत लिहितो. तुम्ही १९८७ लिहिता, फाइलला `1987` हवं असतं. डोळ्याला आकडा तोच, संगणकाच्या लेखी ही पूर्ण वेगळी चिन्हं. त्यात पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कळायला मार्गच नाही. पासवर्ड आधी साध्या नोंदवहीच्या अॅपमध्ये लिहून डोळ्यांनी तपासा, मग चौकटीत टाका.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी दिसतील: कळफलकाने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलेलं आणि शब्दाच्या शेवटी एक रिकामी जागा जोडलेली. पीडीएफचा पासवर्ड लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतो, आणि रिकामी जागाही त्याच्या लेखी एक चिन्हच असते. नकलून चिकटवलेल्या पासवर्डमागे ही जागा हमखास येते.

नावाच्या बाबतीत खातं उघडताना बँकेत जे लिहिलं गेलं तेच धरायचं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, आधी आडनाव की आधी स्वतःचं नाव, नावाआधी लागलेली ‘श्री’सारखी उपाधी, चार अक्षरं भरतील इतकंही नाव नसणं, या सगळ्यांनी घोळ होतो. संयुक्त खात्यात पहिल्या खातेदाराची माहिती चालते, तुमची नाही. जुन्या पासबुकावर किंवा चेकबुकावर नाव कसं छापलंय ते पाहिलं की बरेचदा कोडं सुटतं.

पासवर्ड बरोबर आहे पण विशिष्ट अॅपमध्येच फाइल उघडत नाही, असंही होतं. फोनमधली जुनी वाचक-अॅपं नव्या पद्धतीचं २५६-बिट एन्क्रिप्शन ओळखत नाहीत आणि ‘चुकीचा पासवर्ड’ असंच सांगतात. संगणकावर अॅक्रोबॅट रीडरमध्ये एकदा उघडून पाहा. तिथे उघडली तर दोष अॅपचा.

पासवर्ड काढून देणाऱ्या साइटींवर स्टेटमेंट चढवू नका, असं मी सगळ्यांना बजावतो. सहा महिन्यांचे पगार, हप्ते, भाडं, कोणाला किती पैसे दिले, हे सगळं अनोळखी सर्व्हरवर जातं, आणि बदल्यात हाती येते ती सही मोडलेली फाइल.

सही वाचायची कशी

संगणकावर अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडा आणि `Signature Panel` पाहा. बहुतेक ब्राउझर आणि फोनमधली वाचक-अॅपं सही तपासत नाहीत, त्यांत पानावर छापलेलं सहीचं चित्र तेवढं दिसतं. ते चित्र पाहून खरं-खोटं ठरवायचं नसतं.

हिरवी खूण आली तर प्रश्न नाही. लाल फुली म्हणजे बहुधा सहीनंतर फाइल बदलली आहे. अशा वेळी दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, बँकेतून नवी प्रत उतरवा. घोळ होतो तो पिवळ्या खुणेपाशी. `Signature validity is UNKNOWN` असं दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच, की बँकेला प्रमाणपत्र देणारी संस्था तुमच्या रीडरच्या विश्वासार्ह यादीत नाही. सही खोटी आहे असा तिचा अर्थ नाही आणि फाइल बदलली आहे असाही नाही. `Signature Properties` उघडलं तर सहीनंतर दस्तऐवज बदललेला नाही, असं वाक्य तिथे सापडेल. तेच महत्त्वाचं.

या पिवळ्या खुणेवर इंटरनेटवर एक उपाय सर्रास सांगितला जातो: ते प्रमाणपत्र स्वतःच विश्वासार्ह म्हणून जोडून टाका, खूण हिरवी होते. होते खरी, पण फक्त तुमच्या संगणकावर. फाइलमध्ये काहीच बदलत नाही आणि कर्ज देणाऱ्याला त्याच्याकडे जे दिसायचं तेच दिसतं. शिवाय कोणीही स्वतःच्या घरी बनवलेलं प्रमाणपत्रही असंच हिरवं करता येतं, म्हणून प्रमाणपत्र कोणी दिलंय ते न पाहता हे करणं बरं नाही. प्रिंट काढताना खूण हिरवी दिसावी म्हणून हा खटाटोप करणारेही आहेत. कागदावर आलेल्या हिरव्या खुणेला काही अर्थ नसतो.

सहीच नसेल तर? अनेक बँकांच्या स्टेटमेंटवर डिजिटल सही नसते, ‘हे संगणकाने तयार केलेलं असल्याने सहीची गरज नाही’ एवढी ओळ असते. अशा फाइलचा अस्सलपणा तिच्या पोटातल्या माहितीवर आणि शिल्लकीच्या जुळणीवरच तोलला जातो, त्यामुळे ती जशी आली तशीच पाठवणं अधिकच गरजेचं.

पाठवताना

मूळ फाइल, पासवर्डसह, जशी उतरवली तशी. चांगल्या अर्जप्रणालीत फाइलच्या शेजारी पासवर्डसाठी वेगळी चौकट असते, तिथेच तो टाका. ईमेलने पाठवत असाल तर फाइल एका ईमेलमध्ये आणि पासवर्ड फोनवर किंवा वेगळ्या संदेशात. व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाइल तशीच पोचते. पानाचा स्क्रीनशॉट किंवा फोटो मात्र पाठवू नका.

फाइल वाटेत बदलली का अशी शंका असेल तर दोन्हीकडे ठसा काढून ताडता येतो. विंडोजवर:

```
certutil -hashfile statement1.pdf SHA256
```

तुमच्याकडची आणि पोचलेली फाइल यांचं उत्तर शेवटच्या अक्षरापर्यंत सारखं आलं तर फाइल एकच आहे.

काही प्रणाली पासवर्डवाली फाइल घेतच नाहीत. तेव्हा आधी बँकेच्या साइटवर जाऊन पाहा. ईमेलने येणारी प्रत बंद असली तरी नेटबँकिंगमधून उतरवलेली प्रत कित्येक ठिकाणी पासवर्डविना मिळते, आणि ती मूळच असते. तीही बंदच असेल तर प्रिंटचा मार्ग घेऊ नका. `qpdf` हे मोफत साधन वापरा:

```
qpdf --decrypt --password=PASSWORD in.pdf out.pdf
```

यात पानांवरची अक्षरं, फॉन्ट आणि बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव तसंच राहतं, म्हणून निव्वळ माहितीवर चालणाऱ्या तपासणीत ही फाइल प्रिंटपेक्षा चांगली ठरते. डिजिटल सही असेल तर ती मात्र मोडते, त्यातून सुटका नाही. म्हणून अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला आधीच सांगा की पासवर्ड काढलेली प्रत चढवली आहे, आणि मूळ फाइल त्यांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

तरीही परत आली तर

‘ग्राह्य नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण विचारा. सही नाही, फाइल बदललेली, शिल्लक जुळत नाही, नाव अर्जाशी जुळत नाही, कालावधी अपुरा, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. शिल्लक स्वतःच मोजून पाहा. आरंभीची शिल्लक ४२,३१०, एकूण जमा ३,१८,५००, एकूण नावे ३,०५,२७५, तर अखेरीस ५५,५३५ यायला हवेत. इथेच फरक निघाला तर एखादं पान गाळलं गेलंय किंवा तारखांत फट आहे.

मूळ फाइलच संशयित ठरत असेल तर वाद घालत बसण्यात वेळ जातो. त्यापेक्षा शाखेकडून शिक्का आणि सही असलेली प्रत घ्या, किंवा संस्थेकडे सोय असेल तर तुमच्या संमतीने बँकेकडूनच थेट माहिती मागवायला सांगा. त्या मार्गात फाइल तुमच्या हातातून जातच नाही, त्यामुळे फेरफाराचा प्रश्नच येत नाही. संमती देण्याचं पान बँकेचं किंवा अधिकृत मध्यस्थाचं आहे ना, किती महिन्यांची माहिती मागितली आहे आणि संमती कधी संपते, एवढं वाचून मगच होकार द्या. नेटबँकिंगचा पासवर्ड कोणी कर्जाच्या अर्जात लिहायला सांगत असेल तर तो अर्ज तिथेच बंद करा.